तीन तासांचा अंधार, तीन दिवसांचा अंधार

वसई-विरारमध्ये लाइट दोन तऱ्हांनी जाते. एक नेहमीची. एप्रिल-मेच्या रात्री सगळ्या घरांतले एसी एकदम सुरू होतात, डीपीवर ताण येतो आणि फ्यूज उडतो. जूनच्या पहिल्या वाऱ्यात फांदी तारांवर पडते, किंवा खोदकामात केबल तुटते. असा अंधार अर्धा तास राहतो, दोन तास राहतो, फार तर चार तास. दुसरी तऱ्हा काही वर्षांतून एकदा येते. जुलै २०१८मध्ये नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, लांब पल्ल्याच्या गाड्या नालासोपारा-वसईदरम्यान अडकल्या, आणि शहराच्या अनेक भागांत एका दिवसाहून अधिक काळ वीज नव्हती. १७ मे २०२१ला तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेलं. पश्चिमेच्या वाड्यांमध्ये केळीच्या बागा आडव्या झाल्या, झाडं तारांवर कोसळली, आणि काही गावांना विजेसाठी दिवसच्या दिवस थांबावं लागलं.

घरासाठी बॅकअप घ्यायला निघालेला माणूस दुकानात विचारतो, “इन्व्हर्टर घेऊ की छोटा जनरेटर?” दुकानदार दोन्हींच्या किमती सांगतो आणि तुलना तिथेच संपते. पण खरेदीची किंमत हा या हिशेबाच्या तीन भागांपैकी एकच भाग आहे. उरलेले दोन भाग म्हणजे इंधन आणि निगा. त्याहून आधीचा प्रश्न असा, की आपण कोणत्या अंधारासाठी पैसे घालतो आहोत, तीन तासांच्या की तीन दिवसांच्या? दोन्हींसाठी यंत्रं वेगळी लागतात. एकाकडून दुसऱ्याचं काम करून घेतलं, तर पैसे जातातच आणि गरजेच्या वेळी घरही अंधारात राहतं.

नालासोपाऱ्याचा वन बीएचके

हिशेबासाठी नालासोपारा पूर्वेला तिसऱ्या मजल्यावरचा एक वन बीएचके डोळ्यांसमोर ठेवू. लाइट गेल्यावर या घराला दोन पंखे लागतात, चार एलईडी दिवे लागतात, टीव्ही आणि वाय-फाय लागतं. जुना पंखा ७५ वॅट खातो, म्हणजे दोन पंख्यांचे १५०. चार दिव्यांचे ४०, टीव्हीचे ५०, वाय-फायचे १०. एकूण २५० वॅट. फ्रीज, मिक्सर, इस्त्री आणि गिझर यात नाहीत. तीन तासांत फ्रीजमधलं काही बिघडत नाही, दार मात्र बंद ठेवावं.

अशा घरात साधारणपणे ९०० ते १००० व्हीएचा साइनवेव्ह इन्व्हर्टर आणि १५० एएचची १२ व्होल्टची ट्यूब्युलर बॅटरी बसवतात. १२ला १५०ने गुणलं की १८०० येतात. दुकानात हाच आकडा ऐकवला जातो आणि त्यावरून सात तासांचा बॅकअप सांगितला जातो. प्रत्यक्षात तो मिळत नाही, आणि त्याची कारणं बॅटरीच्या आतच आहेत.

बॅटरीवर छापलेले १५० एएच मिळतात ते ती वीस तासांत हळूहळू रिकामी केली तर. आपण ती चार तासांत रिकामी करतो. जितकी जास्त घाई, तितकी तिच्यातून कमी वीज निघते. त्यात लेड-अॅसिड बॅटरी पूर्ण रिती करायची नसते. वीस टक्के शिल्लक ठेवले तरच प्लेटा टिकतात, म्हणून इन्व्हर्टर त्याआधीच शिट्टी देऊन बंद होतो. शिवाय १२ व्होल्टचे २३० व्होल्ट करताना इन्व्हर्टर स्वतः पंधरा टक्क्यांच्या आसपास वीज गमावतो. हे सगळं वजा केल्यावर १८००पैकी सुमारे १००० वॅट-तास, म्हणजे एक युनिट हातात येतं. २५० वॅटचं घर त्यावर चार तास चालतं. नव्या बॅटरीवर अर्धा तास जास्त, तीन वर्षांच्या बॅटरीवर तासभर कमी.

हा आकडा कळला की एक सोपी गोष्ट ध्यानात येते. बॅकअप वाढवायला मोठी बॅटरीच लागते असं नाही, खर्च कमी करूनही तो वाढतो. दोन जुने पंखे काढून बीएलडीसी मोटरचे लावले, तर प्रत्येकी ७५ वॅटऐवजी ३०च्या आसपास लागतात. घराचा भार २५०वरून १६०वर येतो आणि त्याच बॅटरीवर चारऐवजी साडेसहा तास जातात. टीव्ही बंद ठेवला तर रात्र निघते. हे पंखे वर्षभर बिलातही वाचवतात. मोठी बॅटरी उलट दर काही वर्षांनी पुन्हा विकत घ्यावी लागते.

भिंतीतलं इंधन

इन्व्हर्टरला इंधन लागत नाही असं म्हणतात. ते लागतं, फक्त ते पेट्रोल पंपावरून न येता भिंतीतल्या सॉकेटमधून येतं. बॅटरीतून एक युनिट घरात वापरायचं तर ती पुन्हा भरताना मीटरवर सुमारे १.७ युनिटं पडतात. काही उष्णता होऊन जातात, काही बॅटरीतल्या पाण्याचा वायू करण्यात, काही चार्जरमध्ये. युनिटचा दर १० रुपये धरला, तर बॅकअपचं एक युनिट १७ रुपयांना पडतं.

पण बिलावर याहून मोठा भार दुसरीकडून येतो. लाइट असतानाही इन्व्हर्टर जागा असतो. तो बॅटरी भरलेली ठेवतो, त्याचा सर्किट बोर्ड चालू असतो. १५ वॅट धरले तर वर्षाच्या ८७६० तासांत १३१ युनिटं होतात, म्हणजे १३१० रुपये. महिन्याला पंधरा तास लाइट जाते असं धरलं, तर वर्षाचे १८० तास आणि २५० वॅटने ४५ युनिटं. त्यांचे १७ रुपयांनी ७६५ रुपये. म्हणजे इन्व्हर्टर वापरण्यापेक्षा तो तयारीत ठेवणं महाग आहे. म्हणून घरातून महिनाभर बाहेर जाताना बॅटरी पूर्ण भरून इन्व्हर्टरचा सॉकेट आणि त्याचं बटण दोन्ही बंद करून गेलेलं बरं. आल्यावर पुन्हा पूर्ण चार्ज करावी.

आता दहा वर्षांची बेरीज. भाव दुकानागणिक बदलतात, म्हणून गोल आकडे घेतो. वाचकांनी आपल्या कोटेशनचे आकडे त्यांच्या जागी घालावेत. इन्व्हर्टर ७,५०० रुपये, ट्रॉली आणि वायरिंग २,५००. चांगली निगा राखली तर बॅटरी पाच वर्षं जाते, म्हणजे दहा वर्षांत १५ हजारांच्या दोन. जुन्या बॅटरीतल्या शिशाला भाव असतो; दोन्हींचे मिळून सहा हजार परत धरू. यंत्रांचा निव्वळ खर्च ३४ हजार. वीज वर्षाला २,०७५, दहा वर्षांत २०,७५०. डिस्टिल्ड वॉटर वर्षाला अडीचशे, म्हणजे अडीच हजार. एकूण ५७,२५०. लाइट नसलेल्या १८०० तासांत भागलं तर तासाला ३२ रुपये.

पेट्रोलचा हिशेब

याच घराचा भार जनरेटरवर टाकू. बाजारात दोन जाती आहेत. एक उघड्या सांगाड्याचा साधा पेट्रोल जनरेटर, दुसरा बंद पेटीतला इन्व्हर्टर-जनरेटर, जो भार कमी झाला की इंजिनाचा वेग कमी करतो. दुसरा बराच शांत असतो आणि पेट्रोल कमी पितो, पण त्याची किंमत साध्याच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त असते.

पेट्रोलच्या खर्चात एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. छोटं इंजिन कमी भारावर फार उधळं असतं. होंडाच्या ईयू२२ जातीच्या इन्व्हर्टर-जनरेटरची माहितीपत्रकातली आकडेवारी पाहा. टाकी ३.६ लिटरची. पूर्ण भारावर, म्हणजे १८०० वॅटवर, ती सव्वातीन तास पुरते. पाव भारावर, ४५० वॅटवर, आठ तास. म्हणजे पूर्ण भारावर एका युनिटला सुमारे ०.६ लिटर पेट्रोल लागतं आणि पाव भारावर एक लिटर. आणि हे वेग कमी करणारं, काटकसरी यंत्र आहे. साधा जनरेटर पंखा चालवायचा असो की पंप, कायम मिनिटाला ३००० फेऱ्यांनीच फिरतो, कारण ५० हर्ट्झ त्याच वेगावर मिळतात. २५० वॅटसाठीही तो तासाला अर्धा लिटर घेतो. एका लिटर पेट्रोलमध्ये नऊ युनिटांच्या आसपास ऊर्जा असते. आपल्या हाती त्यातलं अर्धं युनिट येतं. बाकीचं सायलेन्सरमधून आणि इंजिनाच्या पंखांवरून गरम हवा होऊन निघून जातं.

आकडे मांडू. २ केव्हीएचा साधा जनरेटर चेंजओव्हर स्विचसकट ४५ हजार. वर्षाला १८० तास, तासाला अर्धा लिटर, म्हणजे ९० लिटर. लिटरला १०४ रुपयांनी ९,३६०. तेल, प्लग, फिल्टर आणि कार्ब्युरेटरची सफाई धरून वर्षाची निगा अडीच हजार. दहा वर्षांत पेट्रोलचे ९३,६०० आणि निगेचे २५ हजार. शेवटी जनरेटर विकून दहा हजार आले असं धरलं, तरी एकूण १,५३,६००. तासाला ८५ रुपये.

या तुलनेत महत्त्वाचं हे, की तास कमी-जास्त केले तरी निकाल बदलत नाही. २५० वॅटच्या भाराला इन्व्हर्टरवर तासाला सव्वाचार रुपयांची वीज लागते, जनरेटरवर ५२ रुपयांचं पेट्रोल. लाइट जितकी जास्त जाईल तितका जनरेटर आणखी मागे पडतो. लाइट फारच क्वचित जात असेल तर दोघांचा वर्षाचा स्थिर खर्च जवळजवळ सारखा होतो. स्वस्ताईत जनरेटर कधीच पुढे जात नाही. अट एकच, प्रत्येक वेळचा अंधार चार तासांच्या आत संपला पाहिजे.

फ्लॅटमधल्या माणसाला तर जनरेटरचा पर्याय मुळात नाहीच. पेट्रोल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. ग्रिल लावलेली गॅलरी, डक्ट, जिन्याखालची जागा, स्टिल्ट पार्किंगचा कोपरा, यांतली कुठलीच जागा उघडी नाही. डोकं दुखणं, मळमळ, झोप येणं ही लक्षणं ओळखेपर्यंत माणसाला उठून दार उघडण्याची ताकद राहत नाही. जनरेटर उघड्यावर, घराच्या दारा-खिडक्यांपासून निदान वीस फूट दूर आणि धुराचं तोंड घराच्या उलट दिशेला, याला पर्याय नाही. फ्लॅटमध्ये तिसऱ्या दिवशी अडचण होते ती पाण्याची, कारण गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारा पंप सोसायटीचा असतो. तो घराच्या इन्व्हर्टरवर चालत नाही. त्यासाठी सोसायटीने मिळून आवाजबंद पेटीतला डिझेल जनरेटर घ्यायचा असतो. तो निर्णय सर्वसाधारण सभेचा आहे, एका घराचा नाही.

निगा म्हणजे काय

बॅटरी पाच वर्षं गेली तर वरचा हिशेब खरा. ती तीन वर्षांत मेली, तर दहा वर्षांत दोनऐवजी चार घ्याव्या लागतात आणि भंगाराचे पैसे वजा जाताही २४ हजार जादा जातात. डिस्टिल्ड वॉटरच्या अडीच हजारांशेजारी हा आकडा ठेवला की निगेची किंमत कळते.

ट्यूब्युलर बॅटरीत सहा सेल असतात आणि प्रत्येकावर तरंगणाऱ्या काडीचा निर्देशक. काडी लाल रेघेपर्यंत खाली आली की पाणी घालायचं, हिरव्या रेघेपर्यंत. ते डिस्टिल्डच असलं पाहिजे. वसईत अनेक इमारती बोअरच्या आणि टँकरच्या पाण्यावर आहेत. त्यातले क्षार आणि क्लोराइड प्लेटा खातात. आरओचं पाणीही चालत नाही. त्यात क्षार कमी होतात, संपत नाहीत. अॅसिड तर कधीच घालायचं नाही, कारण आतून उडतं ते पाणी, अॅसिड जागेवर राहतं.

बॅटरीची तब्येत हायड्रोमीटरने कळते. शंभर-दोनशे रुपयांची ती काचेची नळी घरात असावी. पूर्ण भरलेल्या ट्यूब्युलर बॅटरीत द्रवाची घनता १.२४०च्या आसपास येते, रिकामीत १.१४०च्या. सहाही सेल एकसारखे कमी असतील तर बॅटरी नीट भरत नाही. चार्जर किंवा जोडण्या बघाव्यात. पाच सेल १.२३० दाखवतात आणि एकच १.१८०, तर तो सेल गेला. घनतेत ०.०३०पेक्षा जास्त तफावत म्हणजे पुढच्या काही महिन्यांत नवी बॅटरी घ्यावी लागणार. एकाच सेलला वारंवार पाणी लागणं, बॅटरीची एक बाजू हाताला गरम लागणं, अंड्यासारखा वास येणं, चार तासांचा बॅकअप अचानक एका तासावर येणं, या सगळ्या त्याच्याच खुणा.

किनाऱ्याजवळच्या घरात टर्मिनलवर हिरवी-पांढरी बुरशी लवकर धरते. ती खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, पुसून, नटबोल्ट आवळून वर पेट्रोलियम जेली लावली की झालं. त्याआधी इन्व्हर्टर बंद करायचा आणि हातातली अंगठी-बांगडी काढायची. ज्या महिन्यात लाइट गेलीच नाही, त्या महिन्यात मेन स्विच पाडून तासभर घर बॅटरीवर चालवावं. बॅटरीचं खरं आयुष्य कमी होतं ते ती रिकामी पडून राहिली तर. मोठ्या अंधारानंतर लाइट आली की तिला पूर्ण भरू द्यावं, मध्येच बंद करू नये.

जनरेटरची निगा वेगळ्या जातीची आहे, आणि तो न वापरता बिघडतो. पहिलं तेल वीस तासांनी किंवा महिन्यात बदलायचं. पुढे दर शंभर तासांनी किंवा सहा महिन्यांनी, जे आधी येईल ते. वर्षात वीस तास चालणाऱ्या जनरेटरचं तेलही वर्षातून दोनदा बदलावं लागतं. पण त्याचं मुख्य दुखणं पेट्रोल आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. वसईच्या पावसाळी हवेत टाकी अर्धी भरून ठेवली, की काही महिन्यांत तळाला पाण्याचा थर साचतो आणि कार्ब्युरेटरच्या केसासारख्या बारीक जेटमध्ये चिकट राळ बसते. वादळाच्या रात्री लोक दोरी ओढून ओढून थकतात, चोक लावतात, प्लग काढून पुसतात. इंजिन ठीक असतं, फक्त जेट बंद असतो.

यावर उपाय साधा आहे. प्रत्येक वेळी जनरेटर बंद करताना बटणाने बंद करू नये. पेट्रोलचा कॉक बंद करावा आणि कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप थांबू द्यावं. महिन्याला एकदा, भार लावून, वीस मिनिटं चालवावा. भार लावणं महत्त्वाचं, कारण नुसतं इंजिन फिरलं म्हणजे वीज तयार होते असं नाही. बरेच महिने पडून राहिलेल्या जनरेटरच्या लोखंडातलं उरलेलं चुंबकत्व कमी होतं. मग इंजिन छान धडधडतं आणि मीटरवर व्होल्टेज शून्य असतं. ते पुन्हा जागं करणं जाणत्या मेकॅनिकचं काम आहे, आणि तो मेकॅनिक त्या रात्री भेटत नाही.

विहिरीचा पंप

आता रेल्वेच्या पश्चिमेला येऊ. निर्मळ, गास, भुईगाव, नंदाखाल, आगाशी या पट्ट्यात अजून वाड्या आहेत. विहिरीवर एक एचपीचा पंप, घरात फ्रीजमध्ये मासळी, अंगणात जागा. इथला तीन दिवसांचा अंधार पंख्याने सुटत नाही. दुसऱ्या दिवशी टाकी संपते.

एक एचपीचा सिंगल फेज पंप चालू असताना अकराशे वॅटच्या आसपास घेतो. सुरू होण्याच्या क्षणी मात्र त्याला त्याच्या पाच-सहा पट करंट लागतो. ९०० व्हीएचा इन्व्हर्टर त्याच क्षणी ओव्हरलोड दाखवून बसतो. चार बॅटऱ्यांचा मोठा इन्व्हर्टर घेतला तर पंप फिरेल, पण वर्षातून दोन दिवसांसाठी लाखाच्या घरात खर्च आणि दर पाच वर्षांनी चार बॅटऱ्या, हा व्यवहार नाही. २ केव्हीएचा जनरेटरही पंप सुरू करताना दबतो, दिवे पिवळे होतात, कधी बंद पडतो. इथे ३ केव्हीएचा साधा जनरेटर लागतो, ६० हजारांच्या आसपासचा.

तीन दिवस वीज नाही असं धरू. जनरेटर सतत चालवायचा नाही. सकाळी तास, संध्याकाळी दोन तास, एवढाच. त्यात पहिली वीस मिनिटं पंप, टाकी भरेपर्यंत. पंप बंद झाला की फ्रीज, मोबाइल आणि इन्व्हर्टरचा चार्जर. फ्रीजचं दार इतर वेळी बंद राहिलं तर आतलं टिकतं. तासाला सरासरी एक लिटर, म्हणजे तीन दिवसांचे नऊ-दहा लिटर, हजारभर रुपयांचं पेट्रोल. पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेलं तीस लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय ठेवता येतं, तेही घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात. पाण्याच्या बाटल्या आणि प्लास्टिकचे कॅन त्यात बसत नाहीत. वादळाचा इशारा आला की दहा लिटर आणून ठेवावं आणि महिन्याभरात स्कूटरमध्ये ओतून संपवावं.

रात्र मात्र इन्व्हर्टरवर काढायची. जनरेटरच्या तीन तासांत चार्जर बॅटरीत ३५ एएचच्या आसपास टाकतो. लेड-अॅसिड बॅटरी हळूच भरते, तिला घाई चालत नाही. त्यातून ३०० वॅट-तास मिळतात. ७५ वॅटच्या दोन पंख्यांना ते दोन तास पुरतील; एक बीएलडीसी पंखा आणि दोन दिवे मात्र सहा तास चालतील. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी इथे उपयोगी पडते. ती महाग आहे, पण तिला पाणी लागत नाही आणि चार्जर पुरेसा मोठा असेल तर तीन-चार तासांत ती पूर्ण भरते. ज्यांच्याकडे जनरेटर आहे, त्यांनी पुढची बॅटरी घेताना हा विचार करावा.

साध्या जनरेटरची वीज कमी-जास्त होते, म्हणून इन्व्हर्टर ती घ्यायला नकार देतो आणि बॅटरी भरतच नाही. अशा वेळी इन्व्हर्टरच्या पाठीमागचा स्विच यूपीएस मोडवरून इको मोडवर न्यावा. त्याची व्होल्टेजची मर्यादा रुंद होते आणि चार्जिंग सुरू होतं. छपरावर सोलर पॅनेल असलेल्यांनीही एक गोष्ट जाणून घ्यावी. बॅटरीविना ग्रिडला जोडलेलं सोलर लाइट गेली की आपोआप बंद होतं, भर दुपारीसुद्धा. ते बॅकअप नाही.

पाण्यात उभी असलेली वीज

दोन चुका जिवावर बेतणाऱ्या आहेत. पहिली जनरेटरची. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून जनरेटर घरातल्या सॉकेटला जोडतात. मेन स्विच पाडायचा राहिला, तर ती वीज मीटरमधून उलटी ट्रान्सफॉर्मरपर्यंत जाते, आणि तिथे तिचे हजारो व्होल्ट होतात. खांबावर तार बांधणाऱ्या लाइनमनच्या दृष्टीने ती लाइन बंद असते. म्हणून फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा चेंजओव्हर स्विच परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून बसवल्याशिवाय जनरेटर घराला जोडू नये.

दुसरी चूक इन्व्हर्टरची, आणि ती वसईच्या सखल भागात जास्त घडते. पुरात महावितरण वीज बंद करतं ती लोकांच्या सुरक्षेसाठी. पण घरातल्या इन्व्हर्टरला वाटतं की लाइट गेली, आणि तो त्याच क्षणी घराच्या तारांत २३० व्होल्ट सोडतो. पाणी खालच्या सॉकेटपर्यंत चढतं, माणसं त्यात उभी असतात, आणि बाहेर सगळीकडे अंधार असल्यामुळे आत वीज आहे हे कुणाच्या मनातही येत नाही. पाणी उंबरठा ओलांडायच्या आत इन्व्हर्टर त्याच्या बटणाने बंद करावा. मेन स्विच पाडून तो बंद होत नाही.

तळमजल्यावरच्या घरात बॅटरी जमिनीलगतच्या ट्रॉलीवर ठेवूच नये. ती पन्नास किलोंच्या वर असते, पाणी चढायला लागल्यावर उचलता येत नाही. २०१८ला पाणी कुठपर्यंत आलं होतं, ते शेजारी सांगतात. त्याच्या वर कडप्प्याचं किंवा लोखंडी अँगलचं स्टँड करून घ्यावं. सेलमध्ये खारं पाणी शिरलेली बॅटरी पुन्हा चार्जिंगला लावू नये, त्यातून क्लोरीन वायू निघू शकतो. ती भंगारातच द्यावी.

कुणी काय घ्यावं

आधी एक उन्हाळा आणि एक पावसाळा लाइट कधी गेली, कधी आली, ते कॅलेंडरवर लिहावं. बहुतेक नोंदी चार तासांच्या आत असतील तर पैशाचा, आवाजाचा आणि निगेचा हिशेब इन्व्हर्टरच्या बाजूने आहे, आणि फ्लॅटमध्ये तर प्रश्नच नाही. त्यातही मोठ्या बॅटरीच्या आधी पंखे बदलावेत.

ज्यांची विहीर आहे, किंवा घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरसारखं बंद पडून चालणार नाही असं यंत्र आहे, त्यांना जनरेटर हवाच. पण तो इन्व्हर्टरच्या जागी नाही, त्याच्या जोडीला. आणि तो एकट्याने घेण्याचं कारण नाही. ६० हजारांचा जनरेटर पंधरा वर्षं टिकला तर वर्षाला चार हजार, निगेचे दोन हजार, तीस लिटर पेट्रोलचे तीन हजार. वर्षातल्या तीस तासांसाठी नऊ हजार, म्हणजे तासाला ३०० रुपये. एका घराला हे जड आहे. पण विहिरीच्या पंपाला दिवसाला वीस मिनिटंच लागतात. एका वाडीतली तीन भावांची घरं एकच जनरेटर चाकाच्या ट्रॉलीवर ठेवून आळीपाळीने वापरू शकतात. प्रत्येक विहिरीवर एक चेंजओव्हर बसवला की झालं. मग वर्षाचे तीन-तीन हजार येतात. दर महिन्याला तो चालवून बघण्याची पाळी मात्र तिघांनी आधीच ठरवून, लिहून ठेवावी. तीन घरांचा जनरेटर कुणाचाच नसतो, आणि न चालवलेला जनरेटर वादळाच्या रात्री सुरू होत नाही.